‘असती’ म्हणू नका
तेरच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवायचे, तिथं बारावीच्या वर्गाला दर वर्षी एका धड्याशी अडखळायला व्हायचं. wish आणि if only. पोरं हुशार होती, पण आपल्या बोलीतल्या सवयीनं चुकायची. ‘मला माहीत असतं तर’ असं आपण म्हणतो तेव्हा ते आत्ताचं की मागचं, हे मराठीत पुढच्या शब्दांवरून कळतं. ‘आई असती तर’ म्हणजे आज या घटकेला असती तर, की त्या वेळी असती तर? दोन्हीला तेच ‘असती’. इंग्रजी मात्र आधीच विचारते, खंत कधीची आहे ते सांग. आत्ताची असेल तर wish नंतर भूतकाळ घाल. I wish I knew. म्हणजे मला आत्ता माहीत नाही. होऊन गेलेल्या गोष्टीची असेल तर had आणि क्रियापदाचं तिसरं रूप. I wish I had known. म्हणजे तेव्हा माहीत नव्हतं, आणि आता त्याचं वाईट वाटतंय.

मी धाराशिवला राहायचे आणि रोज एसटीनं तेरला जायचे. त्या दिवशी बसमधून उतरले तेव्हा स्टँडवर नेहमीसारखी गर्दी नव्हती. चहाच्या टपरीवर माणसं उभी होती, पण बोलत नव्हती. शिपायानं फाटकातच सांगितलं. बारावी कला शाखेतली एक मुलगी कालपासून घरी नाही.

मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची होती. दुसऱ्या बाकावर बसायची, अक्षर मोत्यासारखं. घर मोठं, बागायती शेती, एकत्र कुटुंब, वडील आणि चुलते एका चुलीवर. तिचा बारावीच्या परीक्षेचा अर्ज मीच तपासला होता, त्यामुळं तिला अठरा पुरी झालेली नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. आणि दोन आठवड्यांपूर्वी तिची सुपारी फुटल्याचंही कानावर आलं होतं. लग्न पुढच्या रविवारी. मी तेव्हा तिला बाजूला घेऊन विचारलं होतं. ती म्हणाली होती, परीक्षा देऊ देतो म्हणतात, मॅडम. तिचा चेहरा मात्र काहीच म्हणत नव्हता.

स्टाफरूममध्ये कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. घरच्यांनी पोलिसांत कळवलेलं नाही, असं एका सरांनी सांगितलं. का नाही, ते सगळ्यांना समजत होतं. अल्पवयीन मुलगी हरवल्याची तक्रार द्यायची तर लग्नाचं बिंग फुटतं. काल दुपारपासून भावकीतली माणसं विहिरी बघत फिरत होती. दोन विहिरींत गळ टाकून झाला होता.

प्राचार्य म्हणाले, तास घ्या, पोरांना मोकळं सोडू नका, गावात नुसत्या चर्चा वाढतील. म्हणून मी वर्गावर गेले.

फळ्यावर आदल्या दिवशीची माझीच वाक्यं होती. मी पुसली नाहीत. वर्ग इतका शांत होता की खडू उचलल्याचा आवाज झाला. त्या मुलीच्या जागेशेजारी तिची मैत्रीण बसली होती. तिच्याबद्दल इथं सांगायला हवं. ती धनगराची लेक. आईवडील वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि ही शाळेसाठी गावात चुलत्याच्या घरी. माझ्या सगळ्या वर्षांत इंग्रजीची इतकी जाण असलेली मुलगी मी क्वचित पाहिली. कमी बोलायची, पण बोलली की वाक्य तपासून, तोलून. काळाच्या बाबतीत तर तिची चूक मी कधी काढलेली आठवत नाही.

मागच्या बाजूला हरवलेल्या मुलीचा चुलत भाऊ बसला होता. तोही याच वर्गात. रात्रभर झोपलेला नसावा. डोळे लाल झाले होते.

मी धडा सुरू करणार तेवढ्यात प्राचार्य दारात आले. त्यांच्या मागं मुलीचा चुलता. या मुलाचा बाप. उंच माणूस, पांढरा सदरा चिखलानं माखलेला. विहिरीवरूनच आला असावा. तो आत आला, वर्गाला म्हणाला की कुणाला काही ठाऊक असंल तर सांगा, आमी कुणाला काही करणार न्हाय. कुणी हललं नाही. त्यानं चिखलाचे हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाला, मी बसतो हितं, तुमी तुमचं चालू द्या. आणि शेवटच्या रिकाम्या बाकावर, आपल्या मुलाच्या शेजारी जाऊन बसला.

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि गेले. त्यांनाही गावात राहायचं होतं.

आता मी काय करायचं होतं? गप्प बसले असते तर पोरं घाबरली असती. मी नेहमीचीच रीत धरली. एकेका बाकानं उठायचं, wish किंवा if only घेऊन एक वाक्य बोलायचं. पहिला मुलगा म्हणाला, I wish I had a bike. बरोबर. दुसरी म्हणाली, I wish I am tall. मी दुरुस्त केलं, were. तिसऱ्यानं म्हटलं, If only it would have rained in August. मी म्हटलं, would have नको, had rained. नेहमीच्या चुका होत्या, पण नेहमीचं हसू कुणाच्याच तोंडावर नव्हतं. मागून चुलत्याचे डोळे एकेका पोरावरून फिरताना दिसत होते.

मग मैत्रिणीची पाळी आली.

ती उठली. हात बाकावर टेकवले. माझ्याकडं न बघता फळ्याकडं बघत म्हणाली, “I wish I didn’t know.”

माझ्या हातातला खडू थांबला. इतकं साधं वाक्य. didn’t ऐकून कुणालाही वाटावं, हिला म्हणायचंय ‘मला माहीत नव्हतं’. पण ही मुलगी तसं चुकणारी नव्हती. wish नंतर भूतकाळ, म्हणजे आत्ताची गोष्ट, आणि खरी परिस्थिती उलटी. मला माहीत नसतं तर बरं झालं असतं. म्हणजे मला माहीत आहे. आत्ता, या घटकेला.

ती ते मला सांगत होती. या वर्गात, त्या माणसासमोर, तिला दुसरी भाषा नव्हती.

मी ‘हं, बस’ म्हणून पुढच्या बाकाकडं वळणार तोच मागून आवाज आला. चुलत भावानं हात वर केला होता.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुमी काल सांगितलं, भूतकाळ असला तरी अर्थ आत्ताचा घ्यायचा. मग ह्याचा अर्थ हिला म्हाईत हाय असा हुतो की.”

कुठल्याही दुसऱ्या दिवशी मी त्याला शाबासकी दिली असती. त्यानं धडा अगदी बरोबर ऐकला होता. त्याचा बाप मुलाकडून माझ्याकडं बघायला लागला. मैत्रीण उभीच होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी म्हणाले, नियम तू बरोबर सांगितलास, पण तिचं वाक्य चुकलं. तिला म्हणायचं होतं, मला आधी माहीत असतं तर. होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल. तिथं had known लागतं. आणि मी वळून फळ्यावर लिहिलं, I wish I had known. मग तिला म्हणाले, हे म्हण.

तिनं ते म्हटलं. आवाज कापत होता, पण मैत्रिणीबद्दलच्या काळजीनं कापतो तसाच तो वाटला असेल. मुलानं वहीत वाक्य उतरवून घेतलं. उतरवताना तो मधेच थांबला, पुन्हा फळ्याकडं बघितलं आणि मग लिहिलं.

मला एवढंच कळलं होतं की हिला माहीत आहे. मुलगी जिवंत आहे की नाही, ते कळलं नव्हतं. ‘माहीत नसतं तर’ असं माणूस कशाबद्दलही म्हणेल. विहिरीत काय आहे हे माहीत असलं तरी म्हणेल. तिला एकटीला बाहेर बोलवावं, तर चुलता मागं येणार. आणखी दोन बाकांची वाक्यं मी ऐकली, कुठली ते आता सांगता येणार नाही. मग फळ्यावर लिहिलं, I wish the lamb were safe.

मी म्हणाले, आता वाक्य मी देते, हे कुठं चालेल आणि कुठं चालणार नाही ते तुम्ही सांगायचं. पहिल्यांदा एका मुलाला विचारलं. तो म्हणाला, कोकराची काळजी वाटत असेल तिथं चालेल. मी म्हटलं, काळजी वाटत असेल तर आपण hope म्हणू, कारण तिथं अजून काय ते ठाऊक नसतं. wish तेव्हाच, जेव्हा ते सुखरूप नाही हे ठाऊक असतं. मग मैत्रिणीला उठवलं. तू सांग, मी म्हणाले, तुमच्या घरी मेंढरं आहेत. तुमच्या कोकराबद्दल हे वाक्य म्हणता येईल का?

तिनं फळ्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं. तिला समजलं, हे मला तिच्या खांद्यांवरून दिसलं. ते खाली आले.

“No, madam,” ती म्हणाली. “We cannot say this. The lamb is safe.”

मी ‘बरोबर’ म्हणाले. खडू ठेवला. पाठ वर्गाकडं करून फळा पुसायला लागले, कारण त्या घडीला माझा चेहरा कुणी बघू नये असं मला वाटत होतं. मागं चुलता कुणाला तरी पुटपुटला, हितं माणूस मेलंय का जगलंय आन ह्यांचं कोकरू चाललंय. त्याचंही चूक नव्हतं. हरवलेल्या पोरीला त्यानंच खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, हे मला नंतर तिच्या आईनं सांगितलं.

तास संपल्यावर तो प्राचार्यांच्या खोलीकडं गेला. मुलगा मात्र दाराशी रेंगाळला. मी मैत्रिणीला फळा नीट पुसायला लावलं आणि शेजारी उभी राहून टेबलावरची पुस्तकं लावत राहिले. ती फळ्याकडं तोंड करूनच बोलली. आमच्या तळावर हाय, आईपाशी. नदीपल्याड, सोयाबीन निघालेल्या रानात. काल पहाटं गेली. मला रात्री आईनं फोनवर सांगितलं. कुणाला सांगू नको म्हणली. मग तिनं डस्टर खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, “ह्यांना कळलं तर आमच्या मेंढरांचं काय हुईल, मॅडम?”

मी म्हणाले, तू घरी जा आणि घरातच राहा. यापेक्षा जास्त बोलायला जागाच नव्हती.

ग्रंथालयाच्या मागं जाऊन मी मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडं एक बाई होत्या. मुलीचं वय, लग्न कधी, आत्ता कुठं आहे, असं त्यांनी शांतपणे विचारलं. त्या म्हणाल्या, तिला हलवू नका, तुम्ही तिकडं जाऊ नका, कुणालाच सांगू नका, आम्ही धाराशिवहून पोलिसांना घेऊन निघतो. ग्रामसेवकालाही कळवतो, गावात बालविवाह थांबवायची जबाबदारी त्यांचीच असते. तुमचं नाव कुठं येणार नाही. मी विचारलं, किती वेळ लागेल? त्या म्हणाल्या, निघतोच आहोत. मला ते पुरेसं वाटलं नाही, पण दुसरं काही हातात नव्हतं.

दुपारी आम्ही तिघी शिक्षिका त्या मुलीच्या घरी गेलो. जायलाच हवं होतं. गेलो नसतो तर ते जास्त दिसलं असतं. ओसरीवर बायका बसल्या होत्या. मुलीची आई भिंतीला टेकून, डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती. आदल्या दिवसापासून तिनं पाणीही घेतलं नाही, असं जावेनं सांगितलं. वडील विहिरीवर होते.

मी तिच्याजवळ बसले. ती माझ्याकडं न बघताच बोलायला लागली. सुपारीच्या आदल्या रात्री पोरगी तिच्यापाशी झोपायला आली होती. आई, मला न्हाय जमायचं, म्हणाली होती. आईनं तिला सांगितलं होतं की मलाबी न्हाय जमलं वाटायचं, पण जमतंच. म्या तवा तिचं ऐकलं असतं तर, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ऐकलं असतं तर. तिच्या बापापाशी बोलले असते तर. मग एकदम म्हणाली, “आत्ता ह्या टायमाला ती कॉलेजातून आली असती. भाकर मागितली असती. ती असती तर...”

ते ‘असती’ मला ऐकवेना. सकाळपासून मी जो शब्द पोरांना उलटापालटा करून दाखवत होते, तो इथं या बाईच्या तोंडी होता आणि तो चुकीचा होता. तिची लेक आहे. नदीपल्याड बसली आहे, कदाचित भाकरीच खात असेल. हे मला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं. शेजारी जाऊ बसली होती. दारात दोन पुरुष उभे होते. हेल्पलाइनच्या बाईंनी कुणालाच सांगू नका म्हटलं होतं, आणि आईनं हंबरडा फोडला असता तर सगळ्या गावाला कळलं असतं.

मी तिचा हात हातात घेतला. दाबला. म्हणाले, “ताई, ‘असती’ म्हणू नका. ‘हाय’ म्हणा.”

कुणीही सांत्वनाला असंच म्हणेल. जावेनं ‘व्हय, तसंच म्हणा’ म्हणून मान डोलावली. पण मी हात सोडला नाही. आईनं पहिल्यांदा वर बघितलं. माझ्या डोळ्यांत ती इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं आता ही काहीतरी विचारणार. तिनं विचारलं नाही. बोटं माझ्या बोटांत घट्ट रुतली, मग सुटली. ती म्हणाली, “हाय.” नुसतं ओठांनी. आणि जावेला म्हणाली, मला पाणी द्या.

ती तांब्यातून पाणी पीत असतानाच चुलता आला. मागं मुलगा. चुलत्यानं माझ्यासमोर उभं राहून विचारलं. राग नव्हता त्याच्या आवाजात, पण तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. माझं पोरगं म्हणतं, त्या धनगराच्या पोरीनं आधी जे वाक्य म्हटलं त्याचा अर्थ तिला म्हाईत हाय असाच हुतो. तुमी ते बदललं. खरं का?

मुलगा जमिनीकडं बघत होता.

मी म्हणाले की तिचं चुकलं होतं, म्हणून मी दुरुस्त केलं.

“वाक्य चुकलं हुतं,” त्यानं विचारलं, “का तुमाला अर्थ नको हुता?”

ओसरीवरच्या सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. खरं म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर एकच होतं. तो मुलाला म्हणाला, चल, गाडी काढ, त्यांची मेंढरं नदीपल्याड बसल्यात, जाऊन बघू.

तेव्हा आई बोलली. तांब्या खाली ठेवून, अगदी शांतपणे. भावजी, तिकडं कशाला जाता, ती म्हणाली. तिला मेंढरांच्या कुत्र्यांची भीती, लहान असताना चावलं हुतं, ती तिकडं पाऊल टाकायची न्हाय. मला आत्ता ध्यानात आलं, परवा ती लातूरच्या मावशीचा नंबर मागत हुती. गेली तर तिकडं गेली आसंल. ठेसनावर इचारा आधी.

तेरला रेल्वेचं स्टेशन आहे, आणि लातूरची गाडी तिथूनच जाते. चुलता थांबला. भावजयीच्या तोंडाकडं बघत राहिला. तिनं डोळे खाली घातले नाहीत. मग तो मुलाला घेऊन स्टेशनकडं गेला.

कुत्र्याची गोष्ट खरी नव्हती, हे जावेला ठाऊक असणारच. दोघी एका घरात इतकी वर्षं नांदल्या होत्या. जाऊ काही बोलली नाही. उठून चूल पेटवायला गेली.

पोलिसांची जीप आणि हेल्पलाइनची माणसं आली तेव्हा मी परत कॉलेजात होते. पुढचं मला दुसऱ्यांकडून कळलं. मुलगी पालात बसलेली होती, मैत्रिणीच्या आईनं तिला आपलं घोंगडं पांघरायला दिलं होतं. तिला धाराशिवला नेऊन बाल कल्याण समितीसमोर उभं केलं. तिनं सांगितलं, मला लग्न नको, परीक्षा द्यायची आहे. वडिलांकडून आणि चुलत्याकडून हमीपत्र लिहून घेतलं की अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. सोयरीक मोडली. काही दिवस ती मुलींच्या बालगृहात होती, मग आई जाऊन तिला घेऊन आली. वडील वाटेत एक शब्दही बोलले नाहीत म्हणे, पण घरी आल्यावर त्यांनी तिची पुस्तकांची पिशवी स्वतः आत नेऊन ठेवली.

त्याच संध्याकाळी, पोलिसांची गाडी गेल्या गेल्या, त्या रानाच्या मालकानं मैत्रिणीच्या वडिलांना तळ उठवायला सांगितलं. उभ्या गावाच्या भांडणात मला पडायचं न्हाय, म्हणाला. दिवस मावळत असताना त्यांनी मेंढरं हाकली आणि ती सगळी भूमच्या बाजूला निघाली. मैत्रीण त्यानंतर बरेच दिवस वर्गात आली नाही. तिच्या स्वतःच्या चुलत्याच्या घरूनही तिला ‘थोडं थांब’ म्हणाले होते.

मी मात्र वर्गावर जात होते, आणि फळ्यावर एक गोष्ट निस्तरायची राहिली होती. मैत्रीण परत आली त्या दिवशी मी ते केलं. I wish I didn’t know असं लिहिलं आणि सांगितलं की हे वाक्य बरोबर आहे, पूर्ण बरोबर, मी त्या दिवशी दुरुस्त केलं ते चूक होतं. मुलांनी वह्या उघडल्या. कारण कुणी विचारलं नाही. बारावीतली पोरं इतकीही लहान नसतात.

तास सुटल्यावर चुलत भाऊ टेबलापाशी आला. म्हणाला, “मला तवाच कळलं हुतं, मॅडम. म्हणून घरी सांगितलं. सांगितल्यावर तिच्या आईकडं बघितलं आन वाटलं, न सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

मी त्याला म्हणाले, इंग्रजीत म्हण.

“I wish I hadn’t told,” तो म्हणाला.

काळ बरोबर होता. मी मान हलवली. तो गेला.

मुलीनं परीक्षा दिली. बरे गुण पडले. नंतर धाराशिवला पदवीला आली, वसतिगृहात राहायची. मला ती बाजारात भेटायची, पाया पडायची, आईचं सांगायची. चुलता तिच्याशी दोन वर्षं बोलला नाही. नंतर एकदा दिवाळीला तिच्या ताटात करंजी वाढून गेला, एवढंच.

मैत्रीण नर्सिंगला गेली. तिचा माझा संबंध जास्त टिकला. पण त्या दोघींचं पूर्वीसारखं राहिलं नाही. भांडण झालं नव्हतं. एकीनं दुसरीला बघितलं की त्या दिवसाची आठवण यायची, आणि दोघींनाही ती नको असायची, असं मला वाटतं. एकदा ती सुट्टीत माझ्या घरी आली होती. चहा पिताना मी विचारलं, तुला कधी वाटतं का, माहीत नसतं तर बरं झालं असतं?

तिनं कप खाली ठेवला.

“तसं न्हाय वाटत,” ती म्हणाली. “तळ हलवायची आमाला सवय हाय, मॅडम. पण त्या रानात आमी दर वर्षी बसायचो. बाबा त्या मालकाला भाऊ म्हणायचे. आता त्यो बोलवत न्हाय.”

मग तिनं तिच्या वॉर्डातल्या एका म्हातारीची गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत तिचंच बोलत बसलो.